पेन ड्राइव्ह रिकामा दिसतो तेव्हा

झेरॉक्सच्या दुकानात दोन पानांची प्रिंट काढायची, पेन ड्राइव्ह खिशात टाकून घरी यायचं, आणि कॉम्प्युटरला लावला की आत भलतंच काही दिसायचं, हा प्रकार पेन ड्राइव्ह वापरणाऱ्यांना नवा नाही. फोल्डरांची नावं तीच असतात, पण प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक छोटा बाण आलेला असतो आणि आकार दिसतो जेमतेम एक-दोन केबी. लग्नाचे शेकडो फोटो ठेवलेला फोल्डर दोन केबीचा कसा झाला, हे कळत नाही. कधी कधी तर बाणवाले फोल्डरही नसतात, ड्राइव्ह सरळ रिकामाच दिसतो. मग कोणीतरी सल्ला देतो, 'व्हायरस आलाय, फॉरमॅट मारा.'

फॉरमॅट मारण्याआधी एक गोष्ट बघून घ्यावी. कॉम्प्युटरवर ड्राइव्हच्या नावावर उजवं क्लिक करून Properties उघडलं की एका गोल आकृतीत किती जागा भरलेली आणि किती मोकळी ते दिसतं. आत काहीच दिसत नाही, पण १६ जीबीच्या ड्राइव्हमधली सहा जीबी भरलेली दाखवतो आहे, असं असेल तर सामान जागच्या जागी आहे. कॉम्प्युटर ते दाखवत नाही, इतकंच. आणि ते दाखवणारं यंत्र आपल्याच खिशात असतं. साधा अँड्रॉइड फोन आणि सोबत एक ओटीजी केबल एवढ्यावर हे काम होतं. घरी कॉम्प्युटर नाही म्हणून फोनवर भागवायचं, असा हा प्रकार नाही. या विशिष्ट दुखण्यावर फोन हा कॉम्प्युटरपेक्षा सरस इलाज आहे. तो का, आणि कुठवर, हे समजून घेतलं तर ऐनवेळी हात चुकीच्या बटणावर जात नाही.

व्हायरसने नेमकं काय केलं?

बाणवाल्या फोल्डरांचा हा उपद्रव 'शॉर्टकट व्हायरस' या नावाने ओळखला जातो. तो फायली पुसत नाही. पुसल्या तर ड्राइव्हचा मालक सावध होईल आणि व्हायरसचा प्रवास तिथेच थांबेल. म्हणून तो खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट, म्हणजे .lnk प्रकारच्या छोट्या फायली, वर मांडून ठेवतो. आपण सवयीने त्यावर क्लिक करतो. त्या क्लिकने आधी व्हायरस सुरू होतो आणि मग खरा फोल्डरही उघडतो, त्यामुळे संशय येत नाही. पुढे तो कॉम्प्युटर प्रत्येक नव्या पेन ड्राइव्हला तीच लागण करत राहतो. दिवसभर दहा जणांचे ड्राइव्ह लागणाऱ्या दुकानातल्या किंवा सायबर कॅफेतल्या मशीनवर हे फार सहज होतं.

लपवण्याची युक्ती अगदी साधी आहे. पेन ड्राइव्हवर प्रत्येक फाइलची एक छोटी नोंद असते. त्यात नाव, आकार, तारीख यांच्यासोबत काही खुणा असतात. 'ही फाइल लपलेली' ही एक खूण आणि 'ही यंत्रणेची फाइल' ही दुसरी. व्हायरस या दोन्ही खुणा चालू करतो. विंडोज या खुणा मानतं. नुसतं 'लपलेल्या फायली दाखवा' म्हटलं तरी यंत्रणेच्या फायली ते दाखवत नाही, त्यासाठी वेगळी सेटिंग बदलावी लागते. पुष्कळ जण नेमके इथेच थांबतात आणि फोटो गेले असं समजतात.

अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा आहे. लिनक्समध्ये लपवण्याची रीतच वेगळी. तिथे ज्या नावाची सुरुवात टिंबाने होते ती फाइल लपलेली मानतात. विंडोजच्या त्या दोन खुणांकडे बघून अँड्रॉइड काहीही लपवत नाही. त्यामुळे व्हायरसने दडवलेला फोल्डर फोनच्या यादीत इतर फोल्डरांसारखा उघडपणे दिसतो. दुसरी जमेची बाजू अशी की .lnk, .exe, .vbs या फायली विंडोजसाठी बनलेल्या असतात. फोनमध्ये त्यांच्यावर चुकून बोट लागलं तरी त्या चालत नाहीत, 'ही फाइल उघडता येत नाही' एवढंच उत्तर येतं. एकच खबरदारी घ्यायची. ड्राइव्हवर .apk नावाची एखादी अनोळखी फाइल दिसली तर तिला हात लावायचा नाही, कारण ती मात्र फोनसाठीच बनवलेली असते.

केबलचं मर्म

एरवी फोन कॉम्प्युटरला जोडला की कॉम्प्युटर मालक असतो आणि फोन त्याच्या हुकमात चालतो. पेन ड्राइव्ह जोडायचा तर फोनने स्वतः मालक व्हायला हवं, ड्राइव्हला वीज पुरवायला हवी आणि फायली मागायला हव्यात. ही भूमिका बदलायची सोय म्हणजे ओटीजी. तिचं मानक २००१ सालचं आहे. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०११ साली ३.१ या आवृत्तीत अधिकृतपणे आली.

भूमिका बदलायची हे फोनला कळतं ते केबलमधल्या एका बारीक जोडणीमुळे. जुन्या मायक्रो यूएसबी पिनेत पाच संपर्क असतात. चार्जिंगच्या केबलमध्ये त्यातला एक मोकळा सोडलेला असतो. ओटीजी केबलमध्ये तोच संपर्क पिनेच्या आत जमिनीच्या तारेला जोडलेला असतो. तो जोडलेला दिसला की फोन मालकाच्या भूमिकेत जातो. हल्लीच्या टाइप-सी फोनमध्ये हेच काम कनेक्टरमधला एक छोटा रोधक करतो. म्हणून जुन्या फोनवर चार्जिंगची केबल आणि दोन तोंडांचा जोड असा घरगुती जुगाड चालत नाही. वरून सगळं जुळतं, पण फोनला निरोपच पोचत नाही. दुकानात मागताना 'ओटीजी' हा शब्द वापरायचा आणि आपल्या फोनची पिन मायक्रो आहे की टाइप-सी ते सांगायचं. केबलऐवजी अंगठ्याच्या पेराएवढा कनेक्टर मिळतो, तोही तेच काम करतो. मात्र फोनला जाड कव्हर असेल तर ते काढून लावावा, नाहीतर पिन अर्धीच आत जाते.

जोडूनही काहीच झालं नाही तर दोष फोनचा, केबलचा की ड्राइव्हचा, हे आधी ठरवायला हवं. त्याची सोपी परीक्षा म्हणजे कॉम्प्युटरचा साधा वायरवाला माउस. तो ओटीजी केबलने फोनला जोडला की पडद्यावर बाण फिरू लागतो. बाण आला तर फोन आणि केबल दोन्ही ठीक आहेत, शंका ड्राइव्हवर घ्यायची. बाण नाही आला तर आधी फोनच्या सेटिंगमध्ये 'OTG' असं शोधून बघायचं. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ही सोय मुद्दाम बंद ठेवलेली असते, ती हाताने चालू करावी लागते आणि दहा मिनिटं वापर झाला नाही की ती आपोआप बंद होते. पहिल्यांदा चाललं आणि चहा पिऊन आल्यावर चालेना, याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

एक ड्राइव्ह, पहिल्यापासून शेवटपर्यंत

ओळखीच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचा १६ जीबीचा ड्राइव्ह असाच 'रिकामा' झाला होता. त्यात मुलीच्या लग्नाचे फोटो होते, शेताच्या सातबाऱ्याच्या आणि फेरफारांच्या स्कॅन होत्या, पेन्शनचे कागद होते आणि शाळेच्या स्मरणिकेचा टाइप केलेला मजकूर होता. प्रिंट काढून आल्यापासून कॉम्प्युटरवर आत फक्त एकच वस्तू दिसत होती, ती म्हणजे ड्राइव्हच्याच नावाचा एक शॉर्टकट.

तो ड्राइव्ह फोनला जोडल्यावर वरच्या पट्टीत सूचना आली. सूचनेवर टिचकी मारली की फाइल मॅनेजर उघडतो. काही फोनमध्ये सूचना येत नाही, तेव्हा फाइल मॅनेजर स्वतः उघडून त्यात 'USB' नावाची जागा शोधायची. यादीत चार ओळी होत्या. एक .lnk फाइल, म्हणजे तोच शॉर्टकट. एक .vbs फाइल, व्हायरसचा स्वतःचा मजकूर. `System Volume Information` नावाचा फोल्डर, जो विंडोज स्वतःच्या कामासाठी बनवतं आणि ज्यात आपलं काही नसतं. चौथ्या ओळीत फोल्डरचं चित्र आणि खाली तारीख होती, नावाची जागा मात्र कोरी होती.

बिननावाचा तो फोल्डर हीच व्हायरसची तिजोरी. त्याचं नाव म्हणजे डोळ्यांना न दिसणारं एक कोरं अक्षर असतं. यादी भरभर बघणाऱ्याची नजर त्या ओळीवरून घसरते. तो उघडल्यावर आत 'लग्न', 'शेत', 'पेन्शन', 'स्मरणिका' असे चारही फोल्डर जसेच्या तसे होते.

इथे घाई होते. फोटो दिसल्याच्या आनंदात लोक सगळं निवडतात आणि Move दाबतात. निवडायचं Copy. Move मध्ये फाइल पोचली की मूळ जागेवरून काढली जाते, आणि मध्येच केबल हलली तर काय गेलं आणि काय राहिलं याचा हिशेब लागत नाही. Copy मध्ये काहीही बिनसलं तरी मूळ प्रत ड्राइव्हवर राहते. आणि निवडायचे ते आतले चार फोल्डर. बाहेरचा शॉर्टकट आणि .vbs फाइल फोनमध्ये आणायची नाही. फोनला त्याने काही होत नाही, पण उद्या फोन घरच्या कॉम्प्युटरला जोडला की ती फाइल तिथे पोचायला मोकळी.

जोडण्याआधी दोन गोष्टी बघून ठेवल्या होत्या. फोनमध्ये मोकळी जागा पुरेशी आहे ना, आणि बॅटरी निम्म्याच्या वर आहे ना. ड्राइव्हला वीज फोनच्याच बॅटरीतून जाते आणि साध्या ओटीजी केबलवर त्याच वेळी चार्जिंग करता येत नाही. मग फोनच्या Download मध्ये एक नवा फोल्डर केला आणि कामाला क्रम लावला. आधी 'शेत' आणि 'पेन्शन', कारण हे कागद पुन्हा मिळवायला कचेरीत खेटे घालावे लागतात आणि आकाराने ते किरकोळ असतात. फोटो शेवटी, तेही दोन-दोनशेच्या गठ्ठ्यांत.

गठ्ठे करण्यामागे कारण आहे. साधा पेन ड्राइव्ह सेकंदाला वीस एमबीच्या आसपास वाचला जातो असं धरलं तर पाच जीबी फोटोंना साडेचार मिनिटंही लागू नयेत. पण हा हिशेब एका मोठ्या फाइलचा. शेकडो लहान फायली असल्या की प्रत्येकीची नोंद शोधणं, नवी जागा करणं यात वेळ जातो आणि काम दुप्पट-तिप्पट लांबतं. तेवढ्या वेळात ड्राइव्ह तापतो, पडदा बंद झाला की काही फोन बॅटरी वाचवण्यासाठी कॉपीच थांबवतात, हात लागून कनेक्टर हलतो. सगळं एकदम टाकलं आणि मध्येच तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. गठ्ठे केले असतील तर फक्त तेवढाच गठ्ठा पुन्हा करायचा. मुख्याध्यापकांच्या फोटोंचा तिसरा गठ्ठा असाच मध्ये तुटला. ड्राइव्ह काढून थंड होऊ दिला, पुन्हा जोडला आणि तोच गठ्ठा पुन्हा घेतला.

ड्राइव्ह काढण्याचीही रीत आहे. वरच्या सूचनेत Eject येतं, ते दाबून मग ओढायचं. आपण फक्त वाचत असलो तरी ड्राइव्हवर काही लिहिणं चालू नाही याची खात्री त्याने होते.

कॉपी झाल्यावर तपासणी. दोन्हीकडच्या फोल्डरची माहिती उघडून फायलींची संख्या आणि एकूण आकार जुळवायचा. मग प्रत्येक फोल्डरमधली पहिली, मधली आणि शेवटची फाइल प्रत्यक्ष उघडायची. नुसती छोटी चित्रं बघून समाधान मानू नये. फोटोच्या फाइलमध्ये पुष्कळदा छोटं चित्र वेगळं साठवलेलं असतं, ते नीट दिसतं आणि आतला मोठा फोटो खराब असू शकतो. या ड्राइव्हमधल्या दोन फोटोंचा खालचा अर्धा भाग करड्या पट्टीसारखा दिसत होता. याचा अर्थ फाइलचा शेवटचा भाग वाचताच आला नाही. असे फोटो पुन्हा कॉपी करून बघायचे. एक दुसऱ्या वेळी पूर्ण आला. दुसरा पुन्हा त्याच ठिकाणी करडा झाला, म्हणजे दोष कॉपीचा नाही, ड्राइव्हवरच्या त्या जागेचा. तो फोटो तेवढाच मिळाला.

तारखांनी मात्र गोंधळून जाऊ नये. कॉपी केलेल्या फायलींवर पुष्कळदा आजची तारीख पडते. फोटो कधी काढला ती तारीख कॅमेऱ्याने फोटोच्या आतच लिहिलेली असते, ती तशीच राहते.

'egkjk"Vª' म्हणजे फाइल बिघडली नाही

स्मरणिकेची फाइल उघडल्यावर मुख्याध्यापकांच्या काळजात धस्स झालं. मराठी मजकुराच्या जागी पानभर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. पहिल्याच ओळीत दिसत होतं:

```
egkjk"Vª
```

हे 'महाराष्ट्र' आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी टायपिंग कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या फाँटमध्ये होत असे, आणि बऱ्याच डीटीपी सेंटरांत अजूनही होतं. या फाँटमध्ये फाइलमध्ये खरं साठवलेलं असतं ते इंग्रजी अक्षरच. फाँट त्याच्या जागी मराठी अक्षराचं चित्र काढतो. कृतिदेवमध्ये e म्हणजे म, g म्हणजे ह, k म्हणजे काना, j म्हणजे र. कॉम्प्युटरवर तो फाँट बसवलेला असतो म्हणून मराठी दिसतं. फोनमध्ये तो नसतो म्हणून मूळ अक्षरं उघडी पडतात.

व्हायरसने बिघडलेली फाइल आणि फाँट नसलेली फाइल यांतला फरक ओळखता येतो. फाँटचा प्रश्न असेल तर परिच्छेद, तक्ते, ओळींची लांबी सगळं जागच्या जागी असतं, आकडे बहुधा ओळखू येतात आणि egkjk सारखे तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. फाइल खरोखर बिघडली असेल तर ती बहुतेक वेळा उघडतच नाही, किंवा मध्येच चौकोन आणि अर्थहीन चिन्हांचा चिखल दिसतो. फाँटवाली फाइल फोनवर दुरुस्त करायला जाऊ नये. त्यातलं एखादं अक्षर खोडून पुन्हा साठवलं तर मांडणी बिघडायची भीती. ती आहे तशी कॉपी करून ठेवावी आणि तो फाँट असलेल्या कॉम्प्युटरवर उघडून तिची पीडीएफ करून घ्यावी. पीडीएफमध्ये फाँट सोबतच बांधून देता येतो, म्हणून जुन्या मराठी पीडीएफ फोनवर बहुधा व्यवस्थित दिसतात. पेजमेकरची फाइल असेल तर ती फोनवर मुळीच उघडणार नाही. त्यावरून ती खराब आहे असा निष्कर्ष काढू नये. तिला फक्त सुखरूप हलवायचं असतं.

फोन जिथे लावू नये

लपवलेल्या फायलींसाठी फोन उत्तम. पण चुकून डिलीट केलेल्या फायलींसाठी तोच फोन घातक ठरू शकतो. या दोन गोष्टी वरून सारख्याच दिसतात, दोन्हींत ड्राइव्ह रिकामा दिसतो. म्हणून भरलेली जागा आधी बघायची. जागा भरलेली असेल तर फायली लपलेल्या आहेत. जागाही मोकळी दाखवत असेल तर फायली डिलीट झालेल्या आहेत.

डिलीट केलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून एका प्रकरणाचं नाव खोडावं, पण पानं तशीच राहावीत, तसं होतं. नोंदीवर 'ही जागा मोकळी' अशी खूण पडते आणि फोटो जागेवर असतो, पण त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंतच. आणि फोन जोडल्याबरोबर लिहितो. अँड्रॉइड ड्राइव्ह उघडण्याआधी त्याची तपासणी करतो आणि नोंदींतल्या चुका विचारल्याशिवाय दुरुस्त करतो. शिवाय त्यावर `LOST.DIR` नावाचा एक फोल्डर करतो. हे नाव वाचून पुष्कळांना वाटतं की हरवलेले फोटो त्यात असतील. पण ती जागा तपासणीत सापडलेल्या तुटक्या तुकड्यांसाठी असते आणि बहुधा रिकामी असते. लपलेल्या फायलींना या थोड्याशा लिखाणाने धक्का लागत नाही, कारण त्यांची जागा नोंदीत व्यापलेली असते. डिलीट झालेल्या फायलींच्या जागेवर मात्र ते लिखाण नेमकं जाऊन बसू शकतं. म्हणून असा ड्राइव्ह कशालाही न जोडता बाजूला ठेवावा आणि फोटोरेक यांसारखं रिकव्हरी सॉफ्टवेअर वापरणाऱ्या जाणकाराकडे द्यावा. सापडलेल्या फायलीही त्याच ड्राइव्हवर परत लिहायच्या नसतात.

दुसरी अडचण येते ती ड्राइव्ह फोनला वाचताच न आल्याची. फोन म्हणतो, हा ड्राइव्ह चालत नाही किंवा यात बिघाड आहे, आणि खाली Format किंवा 'Tap to fix' असं सुचवतो. यातला fix म्हणजे दुरुस्ती नसून बहुतेक वेळा फॉरमॅटच असतो. तिथे बोट लावू नये. यामागे दोन वेगळी कारणं असू शकतात. पहिलं निरुपद्रवी आहे. ३२ जीबीपर्यंतचे ड्राइव्ह बहुधा फॅट३२ या पद्धतीने आखलेले असतात, ती जवळपास प्रत्येक फोनला कळते. त्याहून मोठे ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीचे असतात, ती नव्या फोनना कळते, पुष्कळ जुन्यांना नाही. विंडोजने एनटीएफएस पद्धतीने आखलेला ड्राइव्ह तर बऱ्याच फोनना वाचता येत नाही. अशा वेळी ड्राइव्हमध्ये काहीही बिघडलेलं नसतं. दुसरा, नवा फोन घेऊन बघायचा, किंवा ज्या कॉम्प्युटरवर तो ड्राइव्ह नेहमी उघडतो तिथे घेऊन जायचा.

दुसरं कारण म्हणजे ड्राइव्हची आखणीच मोडलेली असणं. तो कॉम्प्युटरवरही उघडत नाही आणि तिथेही फॉरमॅट करायला सांगतो, यावरून ते ओळखायचं. इथे फोनचं काम संपलं. ड्राइव्हचा दिवाच लागत नसेल, जोडल्यावर काही क्षणांत तो चटका बसेल इतका तापत असेल, किंवा एकदा दिसून लगेच नाहीसा होत असेल, तर बिघाड आतल्या चिपमध्ये किंवा सोल्डरिंगमध्ये आहे. पुन्हा पुन्हा जोडून बघण्याने तो वाढतो. अधूनमधून दिसत असेल तर ज्या वेळी दिसेल त्या वेळी सगळ्यात मोलाच्या दोन-चार फायली आधी उचलाव्यात.

फायली हाती आल्यानंतर

फोनमध्ये आलेली प्रत हा मुक्काम नव्हे, कारण फोनही पडतो आणि हरवतो. कागद गूगल ड्राइव्हवर चढवावेत, तिथे प्रत्येक खात्याला १५ जीबी जागा मोफत असते. गूगल फोटोंवर अवलंबून असाल तर ते एरवी फक्त कॅमेऱ्याचे फोटो घेतं. Download मधला नवा फोल्डर त्याच्या सेटिंगमध्ये वेगळा निवडावा लागतो. व्हॉट्सॲपवरून नातेवाइकांना लग्नाचे फोटो पाठवायचे असतील तर ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावेत. फोटो म्हणून पाठवले की त्यांचा आकार आणि बारकावा कमी होतो.

उरला तो पेन ड्राइव्ह. प्रती दोन ठिकाणी उघडून बघितल्यावरच तो फॉरमॅट करावा, आणि तोही अँटिव्हायरस ताजा असलेल्या कॉम्प्युटरवर. लागण झालेल्या मशीनवर फॉरमॅट केला तर पुढच्या क्षणी तोच शॉर्टकट परत येतो. तसा कॉम्प्युटर हाताशी नसेल तर फोनमधूनही फॉरमॅट करता येतो, आणि एवढ्या एका वेळी ते Format बटण दाबायला हरकत नाही. यापुढे प्रिंटसाठी दुकानात जाताना घरचं सगळं भांडार असलेला ड्राइव्ह नेऊ नये. एक छोटा वेगळा ड्राइव्ह ठेवावा आणि त्यात ज्या कागदाची प्रिंट हवी तेवढीच पीडीएफ टाकावी. तो परत आला की आधी फोनला लावून यादी बघावी. एका पीडीएफऐवजी तिथे दोन-चार अनोळखी नावं दिसली, तर त्या दुकानातल्या मशीनला काय झालंय ते कळलं, आणि तो ड्राइव्ह घरच्या कॉम्प्युटरला न लावता फोनवरूनच पुसून टाकता येतो.